जोडीदाराच्या नातेवाइकांना उसने देणं आणि त्यांना जामीन राहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेहुण्याला टेम्पो घ्यायचाय, दिराला दुकानासाठी भांडवल हवंय, नणंदेच्या घराचे हप्ते थकलेत. आमच्याकडे येणारी पत्रं अशी सुरू होतात आणि चौथ्या-पाचव्या ओळीत नवरा-बायकोच्या भांडणावर येतात. खालचे प्रश्न त्याच पत्रांतले आहेत. उत्तरं लिहिताना महाराष्ट्रातल्या पतसंस्था, सहकारी बँका आणि पगारदार नोकरांच्या पतपेढ्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण "जामीन राहता का?" हा प्रश्न सर्वांत जास्त तिथल्याच कर्जांसाठी विचारला जातो. नोटीस आधीच हातात पडली असेल तर थेट प्रश्न 8 आणि 9 वाचा.

1. मेहुणा म्हणतो, "दाजी, फक्त सही हवीय." जामीनदार म्हणजे साक्षीदारासारखाच ना?

नाही. साक्षीदार एवढंच सांगतो की ही सही याच माणसाने माझ्यासमोर केली. जामीनदार सांगतो की याने पैसे भरले नाहीत तर मी भरीन. कर्जाच्या फाइलमध्ये दोन्ही सह्या जवळजवळच्या पानांवर असतात आणि दुपारी साडेचारला, शाखा बंद व्हायच्या घाईत, पेन्सिलने फुल्या मारलेल्या जागी भराभर सह्या घेतल्या जातात. त्यामुळे खूप जणांना आपण नेमकं काय झालो हे नंतर कळतं.

भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज, दंड आणि वसुलीचा खर्चसुद्धा. "दोघं जामीनदार आहोत, म्हणजे माझ्यावर निम्मंच" हाही गैरसमज आहे. संस्था पूर्ण रक्कम एकाकडून वसूल करू शकते. निम्म्याचा हिशेब तुम्ही दोघांनी नंतर आपसात करायचा असतो (प्रश्न 11).

सही करायच्या कागदांत एक कागद वेगळा काढून शांतपणे वाचा: पगारकपातीचं संमतीपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 मध्ये अशा संमतीची तरतूद आहे. संस्थेने तुमच्या कार्यालयाला कळवलं की पगारातून रक्कम कापून परस्पर संस्थेत भरली जाते. घरात ही गोष्ट बहुधा पगाराची स्लिप आल्यावरच कळते. तेव्हा भांडण नुसतं पैशांवरून होत नाही, "मला सांगितलं का नाही" यावरून होतं.

2. पण संस्था आधी कर्जदारालाच धरेल ना? त्याचा टेम्पो आहे, शेती आहे.

तसं बंधन नाही. कर्जदाराच्या सगळ्या वाटा संपल्याशिवाय जामीनदाराकडे येऊ नका, असं म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सांगितलं आहे.

व्यवहारात तर उलटंच होतं. वसुली करणारा माणूस जिथे पैसे लवकर मिळतील तिथे जातो. मेहुण्याचा टेम्पो तालुक्याबाहेर फिरत असतो, फोन लागत नाही. तुम्ही मात्र रोज दहा वाजता ठरलेल्या खुर्चीवर बसता आणि एक तारखेला पगार घेता. नोकरदार जावई जामीनदार म्हणून सगळ्यांना हवा असतो, त्याचं कारण हेच.

3. जामीन राहण्यापेक्षा आपल्याकडचे पैसे उसने दिलेले बरे का?

माझं मत स्पष्ट आहे: झेपत असेल तर लहान रक्कम उसनी द्या, मोठ्या रकमेला जामीन राहू नका.

लाखभर रुपये उसने दिलेत तर जास्तीत जास्त लाख जातील. वाईट वाटेल, पण आकडा तिथे थांबतो आणि तो दोघांनाही ठाऊक असतो. जामीनकीत आज एक पैसाही द्यावा लागत नाही, म्हणून ती फुकटची वाटते. थकलं की व्याज चढत जातं आणि प्रकरण कधी मिटेल हे तुमच्या हातात राहत नाही. पाच वर्षांच्या कर्जाला सही केलीत म्हणजे पाच वर्षं मेहुण्याचा धंदा, त्याची तब्येत आणि त्याचा स्वभाव यांच्याशी तुमचा संसार बांधला गेला. दुसरं म्हणजे, उसने देताना नवरा-बायकोला बोलावंच लागतं, कारण पैसे घरच्या खात्यातून जातात. जामीनकीची सही एकट्याला गुपचूप करता येते. आमच्याकडच्या पत्रांतली सर्वांत कडवट भांडणं त्या गुपचूप सहीचीच असतात.

4. सही करायच्या आधी दोघांनी नक्की काय बोलायचं? आमचं बोलणं दर वेळी "तुझ्या माहेरचे" आणि "तुमच्या घरचे" यावरच घसरतं.

माणसाविषयी बोलायच्या आधी हप्त्याविषयी बोला. कर्ज 5 लाखांचं, व्याज 13 टक्के, मुदत पाच वर्षं असेल तर हप्ता साधारण 11,400 रुपये येतो. कागद घ्या आणि हे 11,400 पुढच्या महिन्यापासून आपणच भरतोय असं धरा. कुठून येतील? मुलाच्या क्लासच्या फीमधून, आरडीतून, की आईच्या औषधांच्या पैशातून? दोघांनाही उत्तर सापडलं आणि पटलं, तर जामीन राहण्याचा विचार करा. उत्तर सापडत नसेल तर मेहुणा कितीही प्रामाणिक असला तरी सही करू नका. प्रामाणिक माणसांचेही धंदे बुडतात, अपघात होतात. त्यामुळे "तुझा माझ्या भावावर विश्वास नाही का?" हा प्रश्न इथे गैरलागू आहे आणि तसं प्रेमाने सांगता येतं.

मग कर्जदाराला तीन कागद मागा: संस्थेचं मंजुरीपत्र, त्याच्या बाकी कर्जांची यादी आणि त्याचा सिबिल अहवाल. जामीनदार म्हणून ते बघायला मागणं यात गैर काही नाही. आधीच्या दोन ठिकाणचे हप्ते भरायला तो हे तिसरं कर्ज काढतोय असं दिसलं, तर तुमच्या सहीने त्याची अडचण सुटणार नाही, फक्त पुढे ढकलली जाईल.

आणखी एक गोष्ट ठरवा. दोघांपैकी एकाचा जरी नकार असला तरी सही होणार नाही. बहुमत इथे चालत नाही, कारण माणसं दोनच आहेत.

5. नाही म्हणायचं ठरलं. पण सांगायचं कुणी? मी सांगितलं तर सासरचे म्हणतील, सुनेने भावाभावांत फूट पाडली.

ज्याच्या घरचा माणूस, त्याने सांगायचं. दिराला नकार नवऱ्याने द्यायचा, मेहुण्याला बायकोने. आणि "तिला पटत नाही", "ह्यांना नको वाटतं" असं म्हणायचं नाही. असं म्हटलं की नकाराचं खापर जोडीदारावर फुटतं आणि पुढच्या दिवाळीला, लग्नकार्याला तोंड त्याला द्यावं लागतं. "आम्ही दोघांनी ठरवलंय, कुणालाच जामीन राहायचं नाही" एवढं पुरे. कारणांची यादी दिली की समोरचा एकेक कारण खोडत बसतो.

फोनवर थोडक्यात असं बोलता येईल: "संतोष, जामीन आम्ही राहणार नाही, हे आमचं दोघांचं ठरलंय. पण डाउन पेमेंटला तीस हजार देतो. ते परत नाही आले तरी चालतील." रक्कम आपल्याला पेलणारी हवी आणि शेवटचं वाक्य खरं हवं. परत यावेत अशी आशा मनात असेल तर ते वाक्य बोलू नका, प्रश्न 7 प्रमाणे कागद करा.

वडीलधाऱ्यांकडून दबाव येईलच. "एवढं शिकलेला जावई आणि सहीला घाबरतो?" असं सासरे चारचौघांत म्हणाले तर तिथे वाद घालू नका. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने त्यांच्याशी एकटीने बोलावं.

6. नवरा मला न विचारता दिराला जामीन राहिलाय. माझ्या पगारावर, माझ्या नावच्या घरावर येऊ शकतं का?

सही ज्याची, जबाबदारी त्याची. तुम्ही सही केलेली नसेल तर तुमचा पगार, तुमच्या एकटीच्या नावची ठेव आणि तुमच्या पैशाने तुमच्या नावावर घेतलेलं घर यांवर नवऱ्याच्या जामीनकीची वसुली येत नाही. पण दोन ठिकाणी अडचण होते. घर दोघांच्या नावावर असेल तर नवऱ्याच्या हिश्श्यावर जप्ती येऊ शकते. आणि संयुक्त बचत खातं गोठवलं गेलं तर त्यातले तुमचे पैसे कोणते, हे सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून पगार आपल्या एकटीच्या खात्यावर वळवून घ्या. यात नवऱ्याविरुद्ध काही नाही, निदान एकाचा पगार तरी घरखर्चाला मोकळा राहावा म्हणून ते करायचं.

आता घरातलं. सही झाली आहे आणि ओरडून ती पुसली जाणार नाही. पण हे "झालं ते झालं" म्हणून सोडूनही देऊ नका. नवऱ्याकडून तीन गोष्टी मागा: कर्जाच्या सगळ्या कागदांच्या प्रती, दर महिन्याला खातेउतारा बघायची सोय, आणि अशा आणखी किती सह्या आहेत याचं खरं उत्तर. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. जामीन राहिलेली कर्जंही त्यात साधारणपणे दिसतात. सगळ्या छोट्या पतसंस्थांच्या नोंदी मात्र तिथे असतीलच असं नाही, तेवढं लक्षात ठेवा. दोघांनी एकत्र बसून दोघांचे अहवाल उघडा. एकट्याचाच तपासला तर ती झडती होते.

7. उसने देताना कागद करावा का? घरच्या माणसाकडून वचनचिठ्ठी घ्यायची लाज वाटते.

करावा, आणि मुख्य कारण मुदतीचं आहे. "जमेल तेव्हा दे" म्हणून दिलेल्या पैशांची दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती पैसे दिल्या दिवसापासून मोजली जाते. मागितल्या दिवसापासून नव्हे. भिडेखातर चार वर्षं गप्प बसलात आणि मग मागायला गेलात, तर कायद्याच्या दृष्टीने बहुधा उशीर झालेला असतो. तीन वर्षं संपायच्या आत कर्जदाराने "एवढे पैसे मी देणं लागतो" असं लिहून, तारीख घालून सही केली, तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. म्हणून दर दिवाळीला एक सही घ्या. दोन ओळींचा मजकूर आणि बाकी रक्कम एवढं त्यात असलं की झालं.

कागद साधा असू द्या: कुणी कुणाला किती दिले, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात, परत कधी आणि कितीच्या हप्त्यांत. परतफेडीची तारीख घातलीत तर मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, हा मोठा फायदा आहे. रेव्हेन्यू स्टँपवर सही आणि दोन साक्षीदार, त्यातला एक त्यांच्याकडचा. पैसे खात्यातूनच पाठवा. 20,000 किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेण्याला प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि त्याचा दंड कर्जाएवढा होऊ शकतो. तो दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे रोख देऊन तुम्ही त्याचंच नुकसान करता.

लाजेबद्दल. "माझं काही बरंवाईट झालं तर तुझ्या बहिणीला हिशेब कळायला हवा" असं मेहुण्याला सांगा. हे खरं कारण आहे आणि बहुतेकांना पटतं.

8. हप्ते थकलेत आणि पत्र माझ्या नावाने आलंय. आता काय करायचं?

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आकडे प्रश्न 4 मधलेच: 5 लाख, 13 टक्के, 60 हप्ते. मेहुण्याने 14 हप्ते नीट भरले. त्या दिवशी मुद्दल साधारण 4,10,000 उरलं. मग टेम्पोचं इंजिन गेलं, भाडी बंद झाली आणि पुढचे आठ महिने एकही हप्ता गेला नाही. व्याज चढून येणं 4,47,000 च्या आसपास पोचलं, दंड आणि नोटिशीचा खर्च वेगळा. जावयाला पहिलं पत्र सहाव्या महिन्यात आलं होतं, पण "माझी बहीण उगाच काळजी करेल" असं मेहुण्याने सांगितल्याने ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहिलं. आठव्या महिन्यात पगारातून कपात झाली आणि बायकोला स्लिपवरून कळलं.

इथे सर्वांत महाग पडले ते ड्रॉवरमधले दोन महिने. पत्र आलं त्याच दिवशी घरी दाखवा, भाऊ तिचा असला तरी, किंबहुना म्हणूनच. भावाशी जे ती बोलू शकते ते जावयाला बोलता येत नाही.

मग दोघं आणि मेहुणा तिघंही शाखेत जा. खातेउतारा मागून प्रत्येक हप्ता जमा दाखवला आहे का ते पावत्यांशी ताडून बघा, कारण वसुली प्रतिनिधीच्या हातात रोख दिलेले पैसे कधीकधी खात्यात दिसत नाहीत. मेहुण्याचा टेम्पो विकायचा का, हा प्रश्न तिथेच काढा. दुरुस्त न केलेल्या टेम्पोचे समजा 2,20,000 आले, तर येणं निम्म्यावर येतं. लिलावात सहसा यापेक्षा कमी मिळतात, म्हणून संस्थेची लेखी परवानगी घेऊन त्याने स्वतः विकणं चांगलं. उरलेल्या सव्वादोन लाखांसाठी हप्ते पुन्हा बांधून मागा. त्यात तुम्ही काही भरणार असाल तर रक्कम आणि शेवटचा महिना दोघांनी घरी ठरवूनच जा. "बघू, जमेल तसं देऊ" असं शाखेत बोलू नका.

तुमच्याकडून सहीचे चेक घेतले असतील तर ते परत मागा किंवा निदान त्यांचे नंबर लिहून ठेवा. जामीनदाराचा चेक न वटल्यास त्याच्यावरही चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 खाली खटला चालू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितलं आहे. न वटल्याची नोटीस मिळाली की पैसे भरायला 15 दिवस असतात. पत्र कसलंही असो, टपालवाल्याकडून घ्यायचं नाकारू नका.

9. "कलम 101" लिहिलेली नोटीस आलीय. हे कोर्टाचं आहे का?

दिवाणी कोर्टाचं नाही, सहकार खात्याचं आहे. पतसंस्था निबंधकांकडे अर्ज करते आणि निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतात. दाखला मिळाला की जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी वसुली करता येते. संस्थेचा वसुली अधिकारी पगार, खातं, जंगम मालमत्ता आणि नंतर स्थावर मालमत्तेवर जाऊ शकतो.

तुमच्या हातातली खरी संधी दाखला मिळण्याच्या आधीची. सुनावणीची तारीख चुकवू नका, म्हणणं लेखी द्या. सही माझी नाही, जमा रकमा धरलेल्या नाहीत, व्याजदर करारापेक्षा जास्त लावला आहे, असं जे असेल ते पुराव्यासह. "मी फक्त जामीनदार आहे" हे म्हणणं तिथे टिकत नाही (प्रश्न 2). दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण दोन महिन्यांच्या आत आणि येणं रकमेच्या निम्मे पैसे आधी भरून. चार लाखांच्या प्रकरणात दोन लाख. तारखेला गैरहजर राहणाऱ्यांना हा आकडा फार उशिरा कळतो.

10. जामीनकी आता काढून घेता येईल का? दिराचं वागणं बघून विश्वास उडालाय.

वाटप झालेल्या मुदत कर्जात एकतर्फी अर्ज देऊन सुटता येत नाही. संस्था तयार झाली तर दुसरा जामीनदार किंवा पुरेसं तारण देऊन तुमचं नाव काढलं जातं. तसं पत्र लेखी घ्या, तोंडी "झालं तुमचं" यावर विसंबू नका.

कॅश क्रेडिटसारख्या चालू खात्याचं वेगळं आहे. तिथे नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती जामीनकी मागे घेता येते. नोटिशीच्या दिवशी जी बाकी असेल ती मात्र तुमच्यावर राहते. दुकानाला जामीन असाल तर बाकी कमी असताना, म्हणजे हंगाम संपल्यावर, नोटीस द्या.

तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर जामीनदार त्यापुढच्या व्यवहारांतून सुटतो, असं करार कायद्याचं कलम 133 सांगतं. पण बहुतेक छापील जामीनपत्रांत "अशा बदलांना माझी आगाऊ संमती आहे" अशी ओळ असते. आपल्या प्रतीत ती आहे का ते वकिलांना दाखवा.

11. मी पैसे भरले. आता ते मेहुण्याकडून मागता येतील का? बायको म्हणते, जाऊ दे.

कायद्याने येतील. जामीनदाराने योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून मागता येते (कलम 145) आणि संस्थेकडचं तारण वापरण्याचा हक्कही तुमच्याकडे येतो (कलम 140 आणि 141). दुसरा जामीनदार असेल तर त्याच्याकडून निम्मे मागता येतात (कलम 146). त्यासाठी भरणा तुमच्या नावाने आणि "जामीनदार म्हणून" असं लिहिलेल्या पावतीने करा. मेहुण्याच्या हातात रोख देऊन त्याला भरायला लावलंत तर पुरावा उरत नाही.

बायकोच्या "जाऊ दे"चा विचार मात्र वेगळा करायला हवा. बरेचदा तिला पैसे सोडायचे नसतात, माहेर तुटायची भीती वाटते. दावा आणि माफी यांच्या मध्ये एक वाट आहे: मेहुण्याने लेखी कबुली द्यावी आणि दरमहा दोन-तीन हजार तुमच्या खात्यावर टाकावेत. रक्कम फिटायला सहा-सात वर्षं लागली तरी घरात रोजचा विषय तो राहत नाही. माफ करायचं ठरलं तर तेही दोघांनी मिळून, तारीख ठरवून करा आणि नंतर कुठल्याही भांडणात ते काढायचं नाही.

12. आम्हाला गृहकर्ज नाकारलं. कारण सांगितलं, जामीनकी. आम्ही तर कधी हप्ता चुकवला नाही.

कर्जदाराने चुकवला असेल. तो थकला की जामीनदाराच्या अहवालावरही परिणाम होतो. आणि थकला नसला तरी अनेक बँका तुमची ऐपत ठरवताना जामीन राहिलेलं कर्ज विचारात घेतात. घर घ्यायचा बेत दोन-चार वर्षांत असेल तर जामीन न राहायला तेवढं एकच कारण पुरेसं आहे, आणि ते नातेवाइकांना सांगायलाही सोपं जातं.

13. सासूबाईंच्या ऑपरेशनला पैसे हवेत. तिथेही कागद करायचा? आणि अशा मदतीवर कर लागतो का?

नाही. आजारपणात उसने असा हिशेब ठेवू नका. जेवढं पेलतं तेवढं मदत म्हणून द्या, शक्यतो थेट रुग्णालयात भरा, आणि बाकीच्या भावंडांनी किती द्यायचे ते त्याच आठवड्यात ठरवा. नंतर विषय काढणं अवघड होतं.

कराचं विचारलंय म्हणून: आई-वडील, सासू-सासरे, भावंडं, जोडीदाराची भावंडं यांना दिलेल्या भेटीवर त्यांना कर लागत नाही. चुलत-मावस भावंडं कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. वर्षभरात त्यांना अशा भेटी 50,000 च्या वर मिळाल्या तर पूर्ण रक्कम करपात्र होऊ शकते. अशा नात्यात मोठी रक्कम उसनी म्हणून, कागदासह द्या.

14. नणंदेसाठी माझे दागिने तारण ठेवूया, असं नवरा म्हणतो.

माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेले दागिने तुमचे आहेत, हो-नाही तुम्ही ठरवायचं. हो म्हणणार असाल तर सोनेतारण तुमच्याच नावाने घ्या. दागिन्यांचं वजन आणि वर्णन लिहिलेली पावती तुमच्या कपाटात ठेवा आणि लिलावाची सूचना तुमच्याच मोबाइलवर येईल असं बघा. नवऱ्याच्या किंवा नणंदेच्या नावाने ठेवले तर सोडवून घ्यायलाही तुम्हाला त्यांच्याच सहीची वाट बघावी लागते.

15. आम्ही वेगळे होतोय. तिच्या भावाला मी जामीन आहे. घटस्फोटानंतर सुटेन ना? आणि कुणी वारलं तर?

घटस्फोटाने जामीनकी संपत नाही. संस्थेचा करार तुमच्याशी आहे, नात्याशी नाही. परस्परसंमतीने वेगळे होत असाल तर समजुतीच्या अटींत हे लिहून घ्या: भावाने अमुक तारखेपर्यंत दुसरा जामीनदार द्यायचा, आणि तोपर्यंत तुम्हाला भरावं लागलं तर ती रक्कम अमुक देण्यातून वजा होईल. संस्थेवर ही अट बंधनकारक नसते, तुमच्या आपसातल्या हिशेबाला ती उपयोगी पडते.

कर्जदार वारला तरी जामीनदार सुटत नाही. म्हणून सही करतानाच कर्जाला विमा आहे का ते विचारा, हप्त्यात थोडी वाढ झाली तरी. जामीनदार वारला तर तोवरचं येणं त्याच्या मिळकतीतून जातं. वारसांना जेवढी मिळकत मिळाली तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही. नवऱ्याच्या पश्चात संस्थेची माणसं घरी आली आणि "वहिनी, इथे सही करा, नुसती औपचारिकता आहे" म्हणाली, तर त्या दिवशी काहीही सही करू नका. कागद ठेवून घ्या आणि आधी वकिलांना दाखवा.